चॉकलेटवरचे डाग आणि वहीतला आकडा

अलीकडे शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास पाहायला मिळतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधली फिरती तबकडी काढून टाकायची, एका पसरट ट्रेमध्ये चॉकलेटच्या वड्या किंवा किसलेले चीज पातळ थरात पसरायचे आणि ओव्हन थोडा वेळ चालू करायचा. ट्रे बाहेर काढला की चॉकलेट सगळीकडे सारखे वितळलेले नसते. काही ठिकाणी ते मऊ पडून चकाकू लागलेले असते आणि त्याच्या शेजारीच ते जसेच्या तसे टणक असते. दोन मऊ डागांमधले अंतर पट्टीने मोजायचे, त्याची दुप्पट करायची, की सूक्ष्मतरंगांची तरंगलांबी मिळाली! ओव्हनच्या पाठीमागील पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ ही कंप्रता छापलेली असतेच. दोहोंचा गुणाकार केला की प्रकाशाचा वेग हाती येतो.

हा प्रयोग चांगला आहे. माझी तक्रार आहे ती आपण तो ज्या पद्धतीने करतो आणि ज्या पद्धतीने त्याला गुण देतो त्याबद्दल. यात पहिला दोषी मीच आहे, म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. हाच प्रयोग तीन गटांनी मांडला होता. दोन गटांच्या तक्त्यांवर डागांमधले अंतर ६.१ सें.मी. होते आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,००० कि.मी. इतका सुरेख आला होता. तिसरा प्रयोग नववीतल्या एका मुलीचा होता. तिच्या ट्रेच्या मध्यावर आडव्या ओळीत चार डाग होते. पहिल्या डागाच्या मध्यापासून चौथ्या डागाच्या मध्यापर्यंत २४ सें.मी., म्हणजे लगतच्या दोन डागांत ८ सें.मी. तरंगलांबी १६ सें.मी. आणि वेग सेकंदाला ३,९२,००० कि.मी.! खाली तिने स्वच्छ अक्षरात लिहिले होते, "हा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त आहे. तीन वेळा करून पाहिले. कारण कळले नाही."

मी तिला विचारले, "बाळ, पट्टी नीट धरली होतीस ना?" ती म्हणाली, "हो सर. पुन्हा मोजून दाखवू का?" मी 'नको' म्हटले, तिचे गुण कापले आणि पुढे गेलो. पहिला क्रमांक ६.१ वाल्या एका गटाला दिला. घरी आल्यावर मात्र तिचे ते तीन शब्द, 'कारण कळले नाही', डोक्यातून जाईनात. कारण मला तरी कुठे ठाऊक होते?

डाग का पडतात?

आधी मूळ गोष्ट पाहू. ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाचे उपकरण सूक्ष्मतरंग निर्माण करते. हे तरंग एका धातूच्या नळकांड्यातून आतल्या पेटीत येतात. पेटीच्या भिंती धातूच्या असल्यामुळे तरंग त्यांवरून परावर्तित होतात. जाणारे आणि परतणारे तरंग एकमेकांत मिसळले की स्थिर तरंग तयार होतात. दोरीचे एक टोक खिळ्याला बांधून दुसरे टोक हाताने हलवताना तुम्ही हे पाहिले असेल. दोरीवरचे काही बिंदू जागचे हलत नाहीत, त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. त्यांच्या मधोमध दोरी जोराने वरखाली होते, ते प्रस्पंद बिंदू.

पेटीत दोरीऐवजी विद्युत्क्षेत्र असते. प्रस्पंदाच्या जागी क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलित होते आणि तिथल्या अन्नाला उष्णता मिळते. निस्पंदाच्या जागी क्षेत्र जवळजवळ नसते, तिथले अन्न थंड राहते. उष्णता क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे क्षेत्र धन असो की ऋण, तापणे सारखेच. म्हणून तरंगाचा 'उंचवटा' आणि त्याच्या शेजारची 'खळगी' हे दोन्ही तापलेले डाग म्हणून दिसतात आणि लगतच्या दोन डागांमधले अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते. अंतराची दुप्पट करायची ती यासाठी.

२.४५ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगाची हवेतील तरंगलांबी १२.२ सें.मी. येते. तिचे निम्मे ६.१ सें.मी. पुस्तकात, तक्त्यांवर आणि पहिल्या क्रमांकाच्या वहीत दिसणारा आकडा तो हाच.

आठचे सहा कसे होतात?

आता त्या मुलीच्या आकड्याकडे वळू. डाग सुमारे दोन सें.मी. रुंद असतो. त्याचा मध्य ठरवताना अर्धा सें.मी. इकडेतिकडे होणे साहजिक आहे. पण तिने एकेक अंतर न मोजता पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला तीनने भागले होते. दोन्ही टोकांना अर्ध्या सें.मी.ची चूक धरली, तरी २४ सें.मी.त जास्तीत जास्त एक सें.मी.चा फरक पडेल. तीनने भागल्यावर तो साधारण ०.३ सें.मी. उरतो. म्हणजे तिचे उत्तर ८.० अधिक-उणे ०.३. यात ६.१ कुठेच बसत नाही. पट्टी धरण्याच्या चुकीने ही तफावत पडणे शक्य नव्हते आणि मी तिला नेमके पट्टीविषयीच विचारले होते!

मग इतरांना ६.१ कसे मिळाले? काहींना ते खरोखर मिळाले असेल. पण बहुतेक ट्रेवर एका रांगेत नीटनेटके डाग पडत नाहीत. आठ-दहा डाग वेडेवाकडे विखुरलेले असतात. दहा डाग असले तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. उत्तर आधीच माहीत असेल, तर त्या ४५ जोड्यांतून ६.१ सें.मी. अंतराची एक जोडी सापडणे मुळीच अवघड नाही. मुले लबाडी करतात असे मला म्हणायचे नाही. डोळा आपोआप त्या जोडीकडे जातो आणि बाकीच्या जोड्या 'नीट वितळल्या नाहीत' असे वाटू लागते. मात्र अशा वेळी आपण तरंगलांबी मोजत नसतो, पुस्तकातला आकडा ट्रेवर शोधत असतो.

त्या रात्री मी स्वतःच्या घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग केला. एकदा ७ सें.मी.च्या आसपास अंतर आले, एकदा साडेसात. ट्रे एका पालथ्या वाडग्यावर ठेवून उंच केला, तर डागांच्या जागाच बदलल्या. म्हणजे हा प्रयोग मी समजत होतो तितका साधा नव्हता.

किनाऱ्यावरच्या लाटा

दोरीवरचा तरंग एकाच दिशेने जातो आणि येतो. ओव्हनची पेटी मात्र तिन्ही दिशांना बंद आहे. डावी-उजवी, पुढची-मागची आणि वर-खालची अशा सहाही भिंतींवरून तरंग उसळतात. त्यामुळे पेटीतला तरंग सहसा कोणत्याही एका भिंतीकडे सरळ जात नाही, तिरपा जातो.

तिरपेपणामुळे काय होते ते पाहण्यासाठी समुद्राच्या धक्क्यावर उभे राहा. लाटा धक्क्यावर सरळ न येता तिरप्या येत आहेत अशी कल्पना करा. लाटेच्या माथ्यांमधले खरे अंतर, म्हणजे लाट ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने मोजलेले अंतर, समजा १० मीटर आहे. पण तुम्ही धक्क्याच्या कडेने मोजत गेलात, तर एक माथा जिथे धक्क्याला टेकतो तिथपासून दुसरा माथा टेकतो तिथपर्यंतचे अंतर १० मीटरपेक्षा जास्त भरेल. लाट जितकी तिरपी, तितके हे अंतर मोठे. ते खऱ्या तरंगलांबीपेक्षा कमी मात्र कधीच येणार नाही.

ट्रेवरच्या डागांचे तसेच आहे. आपण रुंदीच्या दिशेने अंतर मोजतो, पण तरंग रुंदी, खोली आणि उंची या तिन्ही दिशांना थोडा थोडा गेलेला असतो. म्हणून डागांमधले अंतर तरंगलांबीच्या निम्म्याइतके किंवा त्याहून जास्त येते. 'डागांमधले अंतर म्हणजे निम्मी तरंगलांबी' हे वाक्य तरंग नेमका रुंदीच्याच दिशेने जात असेल तरच खरे आहे. आपल्या तक्त्यांवर ही अट कोणी लिहीत नाही.

त्या ओव्हनचे गणित

मुलीने वहीत ओव्हनच्या आतल्या बाजूची मापेही लिहिली होती : रुंदी ३२ सें.मी., खोली ३२ सें.मी., उंची २० सें.मी. मी ती उतरवून घेतली होती, याचे आज बरे वाटते. कारण धातूच्या बंद पेटीत स्थिर तरंग कसे बसतात याचा एक नियम आहे आणि तो आठवी-नववीच्या गणिताने वापरता येतो :

(२ ÷ तरंगलांबी)² = (क ÷ रुंदी)² + (ख ÷ खोली)² + (ग ÷ उंची)²

यात क, ख आणि ग हे पूर्णांक आहेत. पेटीच्या त्या त्या दिशेला निम्म्या तरंगाचे किती तुकडे बसले, ते हे आकडे सांगतात. सोप्या शब्दांत, क म्हणजे रुंदीच्या दिशेने पडणाऱ्या डागांची संख्या आणि ख म्हणजे खोलीच्या दिशेने पडणाऱ्या रांगांची संख्या. दोरीवर एक फुगवटा, दोन फुगवटे किंवा तीन फुगवटे बसवता येतात, तसेच हे तिन्ही दिशांना आहे. अशा प्रत्येक मांडणीला आपण कंपनप्रकार म्हणू.

आता तिचा ट्रे डोळ्यांपुढे आणा. रुंदीच्या दिशेने चार डाग होते, म्हणून क = ४. रांग एकच होती, तीही बरोबर मध्यावर, आणि पुढचे व मागचे चॉकलेट टणक राहिले होते, म्हणून ख = १. उरला ग. उंचीच्या दिशेने काय चालले आहे ते एका ट्रेवरून कळत नाही. म्हणून निरनिराळ्या किमती घालून पाहू.

रुंदीचे पद (४ ÷ ३२)² म्हणजे ०.०१५६ आणि खोलीचे पद (१ ÷ ३२)² म्हणजे ०.००१०. दोन्ही मिळून ०.०१६६. ग = १ घेतला तर उंचीचे पद ०.००२५ येते आणि तरंगलांबी १४.५ सें.मी. निघते. ग = २ घेतला तर ते पद ०.०१०० होते, एकूण बेरीज ०.०२६६, तिचे वर्गमूळ ०.१६३ आणि तरंगलांबी १२.३ सें.मी.! ग = ३ घेतला तर तरंगलांबी १०.१ सें.मी. येते.

यांपैकी १२.३ उचलून 'जमले!' असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे केले तर आपणही ६.१ची जोडी शोधणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसतो. ग किती, हे उत्तराकडे न पाहता ठरवायला हवे. त्यासाठी मार्ग आहे. या प्रकारच्या मांडणीत ट्रे तापवणारे क्षेत्र पेटीच्या तळाशी जोरदार असते. ग = २ असेल तर तळापासून वर जाताना ५ सें.मी. उंचीवर ते जवळजवळ नाहीसे व्हायला हवे आणि १० सें.मी. उंचीवर पुन्हा जोरदार व्हायला हवे. ग = १ असेल तर १० सें.मी.वर नाहीसे होईल. ग = ३ असेल तर साधारण ३ सें.मी.वर.

मी तिच्या शिक्षकांना फोन केला, माझी चूक कबूल केली आणि ट्रे वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहण्याची विनंती केली. तिने मोठ्यांच्या देखरेखीखाली, प्रत्येक वेळी नवे चॉकलेट आणि तितकाच वेळ घेऊन, तळाशी, ५ सें.मी.वर आणि १० सें.मी.वर असा तीनदा प्रयोग केला. ५ सें.मी.वर मधली चार डागांची रांग अगदी फिकी पडली. १० सें.मी.वर ती पुन्हा उमटली. म्हणजे ग = २. ओव्हनच्या मापांत अर्ध्या सें.मी.ची शंका धरली तर तरंगलांबी १२.३ अधिक-उणे ०.२ सें.मी. ज्या वहीचे मी गुण कापले होते, त्याच वहीत खरे उत्तर दडलेले होते. ते काढता आले नव्हते ते मला.

एक गोष्ट मात्र लपवणे बरोबर होणार नाही. ५ सें.मी. उंचीवर तिच्या ट्रेच्या एका कोपऱ्याला दोन भलतेच डाग पडले. आमच्या चार डागांच्या मांडणीत ते बसत नाहीत.

मर्यादा कोणत्या?

ते दोन डाग का पडले असतील, याचा अंदाज वरच्याच नियमातून बांधता येतो. याच पेटीत क = ५, ख = ०, ग = १ ही मांडणी घेतली, तर कंप्रता २.४६ गिगाहर्ट्झ येते आणि डागांमधले अंतर ६.४ सें.मी. पडते. क = २, ख = ०, ग = ३ ही मांडणी २.४४ गिगाहर्ट्झला बसते आणि तिचे डाग तब्बल १६ सें.मी. अंतरावर असतात! म्हणजे एकाच ओव्हनमध्ये ६.४, ८ आणि १६ अशी तिन्ही अंतरे संभवतात आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. मॅग्नेट्रॉनची कंप्रता अगदी २.४५ वर खिळलेली नसते. घरगुती ओव्हनना २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला असतो आणि त्यात ती थोडी मागेपुढे होत असते. त्यामुळे दोन-तीन कंपनप्रकार एकाच वेळी जागे होऊन एकमेकांत मिसळतात. शिवाय खरी पेटी गणितातल्या पेटीइतकी स्वच्छ नसते. तिला तरंग आत येण्याचे छिद्र असते, दाराला जाळी असते आणि आत अन्न ठेवलेले असते. नियमाने तिच्या ट्रेचा उलगडा इतका सुबक झाला, याचे कारण तिच्या ट्रेवर एका प्रकाराचे वर्चस्व होते. तुमच्या ट्रेवर ते असेलच असे नाही. डाग मोजता न येण्याइतके विखुरलेले असतील, तर 'या ट्रेवरून तरंगलांबी काढता येत नाही' हेच बरोबर उत्तर आहे.

अन्नाचाही विचार हवा. थर पातळ आणि पदार्थ शक्यतो कोरडा असावा. पाण्यामध्ये या तरंगांची लांबी हवेतल्या लांबीच्या साधारण नवव्या भागाइतकी, म्हणजे दीड सें.मी.च्या आत येते. जाड, ओलसर पदार्थ ठेवला तर तो डाग दाखवण्याऐवजी डागांची मांडणीच बदलून टाकतो. चॉकलेटमध्ये पाणी फार थोडे असते, म्हणून ते बरे. आपल्याकडे मे महिन्यात चॉकलेट ओव्हनमध्ये जाण्याआधीच मऊ पडते, तेव्हा हा प्रयोग थंडीत करावा. फ्रिजमधून काढून लगेच वापरले तर त्यावर दव धरते आणि ते पाणीच आधी तापते.

वेळही महत्त्वाचा आहे. दहा-दहा सेकंदांनी थांबून पाहा आणि पहिले डाग मऊ झाले की लगेच थांबा. अर्ध्या मिनिटात उष्णता चॉकलेटमधून दोन-एक मिलिमीटरच पसरते, पण दोन मिनिटांनी वितळलेले चॉकलेट वाहू लागते आणि डाग एकमेकांत मिसळतात. मग मध्य कुठला ते ठरवता येत नाही. तबकडी फिरवणाऱ्या खुंटीवर ट्रे टेकला तर तो हळूहळू फिरतो आणि डागांच्या जागी कड्या उमटतात. म्हणून खुंटीला न टेकेल असा आधार द्या. काही ओव्हनमध्ये तबकडीच नसते. त्यांत धातूचा पंखा फिरवून तरंगांची मांडणी सतत बदलत ठेवलेली असते. तिथे हा प्रयोग जमणार नाही.

ट्रे काचेचा किंवा ओव्हनमध्ये चालणाऱ्या प्लॅस्टिकचा घ्या. चॉकलेटवरचा चंदेरी कागद पूर्ण काढून टाका. ओव्हन रिकामा चालवू नका आणि घरातल्या मोठ्या माणसाला जवळ असू द्या.

न जुळणारे आकडे

प्रकाशाचा वेग या प्रयोगातून 'मोजला' असे म्हणावे का? माझ्या मते नाही. यात कंप्रता आपण मोजत नाही, ती पाठीमागच्या पट्टीवरून उसनी घेतो. आपण अंदाज करतो तो फक्त तरंगलांबीचा. तेवढेच तक्त्यावर लिहावे. 'प्रकाशाचा वेग मोजा' असे मोठे शीर्षक दिले की मुलाला आपोआप तीन लाखांकडे जावेसे वाटते. 'ट्रेवरील डागांवरून तरंगलांबीचा अंदाज' असे लिहिले, तर अंदाज चुकण्याचीही मुभा राहते.

मात्र धातूच्या पेटीतून प्रकाशाचा वेग खरोखर काढला गेला आहे. इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेन आणि त्यांचे सहकारी गॉर्डन-स्मिथ यांनी १९४६ च्या सुमारास हे काम केले. त्यांनी धातूची एक पोकळी अतिशय काटेकोर मापांची बनवली. तिच्यात कोणता कंपनप्रकार चालू आहे हे त्यांना नेमके माहीत होते आणि कंप्रता त्यांनी स्वतः मोजली होती. तत्त्व वर दिलेल्या नियमासारखेच, फक्त पेटी चौकोनी नसून नळकांड्यासारखी. तेव्हा प्रमाण मानला जाणारा वेग मायकेल्सन यांच्या पद्धतीने मिळाला होता. त्या मालिकेतला १९३५ साली प्रसिद्ध झालेला आकडा सेकंदाला २,९९,७७४ कि.मी. होता. एसेन यांचा आकडा त्याच्याशी जुळेना. तो सुमारे १८ कि.मी.ने जास्त येत होता. त्यांनी तो जुळवून घेतला नाही. प्रयोग सुधारून पुन्हा केला आणि १९५० साली २,९९,७९२.५ कि.मी. हा आकडा दिला. पुढे इतर पद्धतींनी तोच बरोबर ठरला. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर बेतली आहे आणि हा वेग २,९९,७९२.४५८ कि.मी. असा ठरवून दिलेला आहे.

त्याआधी १८८८ साली जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी तर आपल्या ट्रेवरचाच प्रयोग दिवाणखान्याएवढ्या आकारात केला होता. भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्यांनी स्थिर विद्युत्तरंग निर्माण केले आणि निस्पंद शोधून तरंगलांबी काढली. तारेवरून जाणाऱ्या तरंगाचा वेग आणि हवेतून जाणाऱ्या तरंगाचा वेग सिद्धांताप्रमाणे सारखा असायला हवा होता, पण त्यांना तो वेगळा मिळाला. त्यांनी तो तसाच प्रसिद्ध केला. १८९३ मध्ये जिनिव्हात साराझँ आणि द ला रीव्ह यांनी बऱ्याच मोठ्या दालनात, मोठा पत्रा लावून प्रयोग केला, तेव्हा दोन्ही वेग सारखे निघाले. हर्ट्झ यांनाही खोलीच्या भिंतींनीच चकवले होते. त्यांनी आपला आकडा जुळवून छापला असता, तर मोठ्या दालनात तो प्रयोग पुन्हा करण्याची गरज कोणाला वाटली असती?

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. या प्रयोगाला गुण देताना उत्तर ६.१च्या किती जवळ आहे ते पाहू नका. ट्रेचे चित्र काढले आहे का, त्यावर सगळे डाग दाखवले आहेत का, कोणती जोडी का निवडली ते लिहिले आहे का, आकड्यापुढे अधिक-उणे किती ते दिले आहे का आणि ओव्हनची आतली मापे नोंदवली आहेत का, हे पाहा. या पाच गोष्टी असतील तर उत्तर ८ आले तरी पूर्ण गुण द्या. त्या नसतील आणि उत्तर ६.१ असेल, तर प्रयोग पुन्हा करायला सांगा.

आणि मित्रांनो, तुमच्या ट्रेवर ८ आले तर ८ लिहा. ते का आले हे कळले नाही, तर तसे लिहा. त्या मुलीने लिहिलेले तेवढे एक वाक्य नसते, तर मी आजही प्रदर्शनांत ६.१ला पहिला क्रमांक देत फिरलो असतो.